वर्षाचं जिरं, वेलची, लवंग एकदम भरता का? आणि पूड नेमकी कधी करता?

चिपळूणची_सून

नमस्कार मंडळी. आमच्याकडे वर्षाचा मसाला मे महिन्यात होतो. इतकी वर्षं सासूबाई सगळं बघायच्या. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे खरेदी मी केली. मिरच्या घेताना त्याच दुकानातून जिरं एक किलो, वेलची 200 ग्रॅम आणि लवंग 100 ग्रॅम घेतली. जिरं मोठ्या प्लास्टिकच्या बरणीत भरून गॅसच्या वरच्या फळीवर ठेवलं. वेलची इतकी सुंदर हिरवीगार होती की काचेच्या बरणीत घालून खिडकीजवळच्या मांडणीवर ठेवली. गणपतीच्या घाईत वेळ मिळणार नाही म्हणून त्यातल्या 50 ग्रॅमची सालासकट पूड तेव्हाच करून ठेवली.

आता गणपतीत मोदकांचं सारण केलं. दोन नारळांच्या सारणाला एक चमचा पूड घातली, वासच नाही. आणखी एक चमचा घातला, तर वास येण्याऐवजी सालाची तुरट चव यायला लागली. सासूबाईंनी चाखलं आणि काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. मग बाकीचे डबे काढले. वेलची पिवळट पडलीय. जिरं बोटांत दाबलं तर मऊ लागतंय, फोडणीत तडतडतही नाही. लवंगांच्या बरणीचं प्लास्टिक आतून धुरकट झालंय.

माझं नेमकं काय चुकलं? माल खराब मिळाला की मी खराब केला? आणि पूड किती दिवस आधी करावी?

मिरचीगल्ली

ताई, माल जुना मिळालाय तुम्हाला, दुसरं काही नाही. वेलची घेताना एकच बघायचं, रंग. जितकी हिरवी तितकी ताजी. पिवळी पडली म्हणजे वास गेला, ती आता चहात टाका. आणि जिरं आणल्या आणल्या कढईत चांगलं भाजून ठेवायचं. आमच्याकडे असं भाजलेलं जिरं वर्षभर राहतं, एक टोका पडत नाही.

डंकावरची_माई

एक किलो धण्याच्या गोड्या मसाल्याला एवढी वेलची नाही लागत हो! मी एक किलो धण्याला जिरं 100 ग्रॅम, लवंग 20 ग्रॅम आणि वेलची 10 ग्रॅम घेते. सुकं खोबरं पाव किलो, तीळ पाव किलो, दगडफूल दोन मुठी. लवंग जास्त झाली तर मसाला कडवट होतो. तेलावर एकेक जिन्नस वेगळा परतायचा, सगळे एकत्र टाकायचे नाहीत.

चिपळूणची_सून

माई, प्रमाण लिहून घेतलं, धन्यवाद. पण माझा प्रश्न अख्खे जिन्नस ठेवण्याबद्दल आहे. मसाला उत्तम झालाय, उरलेल्या मालाचंच बिनसलंय.

वाशीचा_दलाल

मी वाशीच्या मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर 31 वर्षं काम केलं, आता घरी असतो. माल कसा होता हे सांगण्याआधी तीन गोष्टी करून बघा आणि इथे लिहा.

एक, पिवळ्या पडलेल्या वेलचीतल्या वीस वेलच्या न निवडता मुठीने उचला आणि सोला. प्रत्येकीत दाणे कसे आहेत ते मोजा. काळे, भरलेले, बोटाला चिकटणारे किती, पांढरट सुकलेले किती, रिकाम्या किती.

दोन, पेलाभर पाण्यात दहा लवंगा टाका, पाच मिनिटं थांबा. उभ्या राहिल्या, बुडाल्या की आडव्या तरंगतायत ते बघा.

तीन, चमचाभर जिरं तळहातावर घेऊन जोरात चोळा आणि हात बघा. मग तेच जिरं नाकाजवळ न्या.

वरती कोणीतरी वेलचीच्या रंगाबद्दल लिहिलंय. त्यावर नंतर बोलतो, आधी तुमचे आकडे येऊ द्या.

अल_ऐनची_आशा

मी बावीस वर्षं आखातात आहे. इथे उन्हाळ्यात स्वयंपाकघर भट्टी असतं, म्हणून मी सगळं फ्रीझरमध्येच ठेवते. पण पहिली दोन वर्षं माझंही वाटोळं झालं होतं. वेलचीची एकच मोठी बरणी फ्रीझरमधून काढायची, उघडायची, चार वेलच्या घ्यायच्या आणि परत आत. दर वेळी गार बरणीत दमट हवा शिरायची आणि आत पाणी धरायचं. सहा महिन्यांनी वेलच्यांना कुबट वास यायला लागला, काहींवर राखाडी बुरशीही दिसली. सगळं टाकावं लागलं.

आता छोट्या छोट्या पुड्या करते, एका पुडीत महिन्याचा माल. त्या सगळ्या घट्ट डब्यात आणि डबा फ्रीझरमध्ये. एक पुडी काढली की न उघडता रात्रभर ओट्यावर ठेवायची. ती खोलीइतकी उबदार झाली की मगच उघडायची, आणि ती परत आत जात नाही.

चिपळूणची_सून

काका, केलं सगळं.

वेलची: वीसपैकी बारांमध्ये दाणे काळे, टपोरे आणि चिकट होते. पाचांमध्ये पांढरट, सुकलेले. तिघींमध्ये जवळजवळ काहीच नाही, नुसती सालं. पण एक गंमत बघितली. त्या बारांतले दाणे दाताखाली धरले तर वास अगदी पहिल्यासारखा! जीभ गार झाली. म्हणजे साल पिवळं पडूनही आतलं शाबूत आहे. स्वयंपाकघरातला वजनकाटा होता म्हणून 50 ग्रॅम सोलून वजनही केलं, दाणे 31 ग्रॅम भरले.

लवंग: सहा उभ्या राहिल्या किंवा तळाला गेल्या. चार आडव्या. त्या चारांतल्या तिघींना वरचा गोल मणी नव्हता.

जिरं: हाताला काळं लागलं नाही, थोडी माती होती. चोळल्यावर वास बऱ्यापैकी आला, कुबट नव्हता.

वाशीचा_दलाल

शाब्बास. आता एकेक घेतो, जरा लांबेल.

वेलचीपासून सुरू करतो, कारण पैसा तिथे जातो. वेलचीचं तेल दाण्यात असतं, सालात नावापुरतं. साल म्हणजे दाण्याचं घर. हिरवा रंग आहे तो त्या घराचा. केरळात इडुक्कीकडे वेलची तोडली की भट्टीच्या खोलीत मंद आचेवर 18 ते 24 तास, कधी त्याहून जास्त वाळवतात. अंधारात आणि बेताच्या उष्णतेत वाळली की रंग टिकतो, उन्हात वाळवली की उडतो. नंतर बरणी उजेडात ठेवली तरीही उडतो. तुमची बरणी खिडकीजवळ होती, त्यामुळे चार महिन्यांत पिवळी पडणारच. पण दाण्यापर्यंत उजेड गेला नाही, म्हणून वास राहिला. तेव्हा पिवळी झाली म्हणजे मेली, असं समजून ती चहात संपवू नका.

उलट बाजूही सांगतो. हिरवा रंग चढवताही येतो. तेल काढून घेतलेली वेलची रंगवून विकलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. शंका आली तर कोमट पाण्यात चार वेलच्या टाकून अर्धा तास ठेवा. पाणी हिरवं झालं तर तो दुकानदार सोडा. म्हणून रंग बघा, पण शेवटचा निकाल दाण्यावर. दुकानात दोन वेलच्या सोलायला मागितल्या तर चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

आता तुमचे आकडे. वीसपैकी आठ वाया म्हणजे कोवळी तोडलेली फळं त्यात बरीच मिसळलेली होती. चांगल्या मालात 50 ग्रॅममागे दाणे 35 ग्रॅमच्या आसपास भरतात, तुमचे 31 भरले. माल बनावट नाही, हलका आहे. बाजारात वेलची चाळणीवर विकली जाते, 6 मिलिमीटर, 7, 8 अशी. 8 म्हणजे सर्वांत महाग. घरच्या पुडीसाठी 7 ची भरलेली पुरते. 8 मिलिमीटरची दिसायला रुबाबदार असते, पुलावात अख्खी दिसावी म्हणून घ्यायची.

आणि तुमची मुख्य चूक, जी सगळेच करतात. वेलचीचा हंगाम ऑगस्टला सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालतो. एकाच झाडावर महिना-दीड महिन्याच्या अंतराने तोडणी होत राहते. भर असतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. केरळातल्या पुट्टडीला आणि तमिळनाडूतल्या बोडिनायकनूरला लिलाव होतात, तिथून माल आपल्याकडे येतो. म्हणजे तुम्ही मे महिन्यात मिरचीबरोबर वेलची घेतलीत तेव्हा हंगाम संपून काही महिने झाले होते. गोदामात राहिलेला माल तुम्ही वर्षासाठी भरलात. मसाल्याला लागेल तेवढीच मेमध्ये घ्या. घरखर्चाची दिवाळीनंतर घ्या.

जिऱ्याचं बरोबर उलट आहे. गुजरात-राजस्थानात जिरं फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतं आणि मार्च-एप्रिलमध्ये ऊंझ्याच्या बाजारात ढीग लागतात. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये वर्षाचं जिरं भरणं योग्यच आहे. नवं जिरं हिरवट-राखाडी दिसतं, जुनं तपकिरी होत जातं. तुमच्या हाताला काळं लागलं नाही हे चांगलं झालं. गवताच्या बियांना कोळशाची पूड लावून जिऱ्यात मिसळतात, ते हात चोळला की काळे पडून कळतं. सॉर्टेक्स, म्हणजे यंत्राने दाणे निवडलेलं जिरं घेतलंत तर काडीकचरा आणि माती कमी. मशीन क्लीन, म्हणजे यंत्रात नुसतं चाळून साफ केलेलं, जरा स्वस्त असतं, पण घरी निवडावं लागतं.

मग तुमचं जिरं मऊ का पडलं? गॅसच्या वर ठेवलंत म्हणून. भाताची वाफ, वरणाची वाफ, सगळी त्या फळीवर जाते. त्यात कोकणातला पावसाळा, आणि बरणी दिवसातून चारदा उघडायची. जिरं ती ओल ओढून घेतं. ते मेलेलं नाही, ओलावलंय. पावसाळी हवेत पंख्याखाली वाळणार नाही. कढई मंद तापवा, हात वर धरला की ऊब जाणवेल एवढीच. गॅस बंद करा. मग पाव किलो जिरं त्यात घालून उलथत राहा. पूर्ण गार झाल्यावर दोन नखांत एक दाणा दाबा, कट्कन तुटला की झालं. वाकला तर पुन्हा एकदा. रंग बदलता कामा नये, रंग बदलला की ते भाजलं गेलं. कुबट वास आला असता तर टाकायलाच सांगितलं असतं, बुरशी वाळवून जात नाही.

लवंगेचं उद्या लिहितो.

मिरचीगल्ली

काका, वेलचीचं मान्य. पण जिरं भाजून ठेवण्यात वाईट काय? आमच्या घरी तीन पिढ्या चाललंय, आणि किडे खरंच होत नाहीत.

वाशीचा_दलाल

किडे होत नाहीत हे बरोबर आहे, भाजताना अंडी मरतात. पण तुम्ही भाजत असता तेव्हा घरभर जो घमघमाट सुटतो ना, तो जिऱ्यातून बाहेर पडलेला असतो. तो परत आत जात नाही. भाजलेल्या जिऱ्याचा वेगळा खमंगपणा येतो आणि ताकाला, कोशिंबिरीला तोच हवा असतो. तो पंधरा दिवस छान राहतो. आणि वर्षभर भाजलेलंच वापरलंत तर फोडणीत कच्च्या जिऱ्याचा जो वास येतो तो तुम्हाला कधीच मिळणार नाही. किड्यांसाठी नवं जिरं आणल्यावर घट्ट पिशवीत आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग वर आशाताईंनी सांगितलं तसं बंद पिशवीतच उबदार होऊ द्या.

प्रयोगवही

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि घरी भरपूर स्वयंपाक करते. काकांच्या बोलण्याला थोडी जोड देते.

वास म्हणजे उडून जाणारं तेल. ते दाण्यात बंद कप्प्यांत असतं. कुटलं की कप्पे फुटतात आणि तेल उघड्या हवेवर येतं. पण तीनही जिन्नस सारखेच भित्रे नाहीत. वेलचीचा जो गार, कापरासारखा वास आहे तो सिनिओल नावाच्या घटकाचा, आणि तो फार चपळ, लगेच उडतो. लवंगेतलं युजेनॉल जड असतं, सावकाश उडतं. शिवाय लवंगेत वजनाच्या साधारण 15 ते 20 टक्के तेल असतं, जिऱ्यात 2 ते 5 टक्के. म्हणजे लवंगेची पूड दोन-तीन महिन्यांनीही जीभ बधिर करेल. वेलचीची पूड मात्र आठवड्यात उतरायला लागते. चिपळूणच्या ताईंची पूड मेपासून सप्टेंबरपर्यंत होती, शिवाय सालासकट. तिच्यात शेवटी साल तेवढं राहिलं, म्हणून दुसऱ्या चमच्याला तुरटपणा आला.

मी वेलची अशी करते. वीस वेलच्या सोलते, साधारण तीन ग्रॅम दाणे निघतात. दोन चमचे साखर घालून मिक्सरच्या छोट्या भांड्यात चार-पाच सेकंदांचे तीन झटके. मध्ये थांबायचं, भांडं हाताला गरम लागता कामा नये. मिक्सर दोन मिनिटं सलग फिरवला की झाकण उघडल्यावर नाकात जो वास जातो, तेवढा पुडीतून कमी झाला. साखर तेल धरून ठेवते आणि एवढेसे दाणे पात्याखाली नीट येतात. ही पूड श्रीखंडाच्या दिवशीच करते. उरली तर छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरते, आठवड्यात संपवते.

डंकावरची_माई

सालं का टाकता पण? आमच्या आईने कधी साल टाकलं नाही. तव्यावर जरा गरम करून सालासकट कुटायची आणि चाळून घ्यायची. वेलची काय स्वस्त आहे का!

प्रयोगवही

माई, टाकत नाही. सालं चहाच्या पावडरीच्या डब्यात जातात, दाण्यांचा वास त्यांना लागलेला असतो. श्रीखंडात, बासुंदीत साल नको वाटतं, पूड करडी दिसते आणि जिभेला धागा लागतो.

डंकावरची_माई

पुरणपोळीत काही कळत नाही बघा. पुरणात जायफळही असतं. मी सालासकटच घालणार.

कडेपठार

आमच्याकडे जिऱ्याच्या डब्यात चार लवंगा टाकायची पद्धत आहे, म्हणे किडे येत नाहीत. करावं का? मला जिऱ्याला लवंगेचा वास लागल्यासारखा वाटतो.

वाशीचा_दलाल

वाटतो नाही, लागतोच. जिरं परक्याचा वास पटकन उचलतं. हिंगाशेजारी वेलचीची पुडी ठेवली तर वेलचीचं काय होतं ते एकदा बघाच. गाळ्यावर आम्ही हिंग आणि वेलची एका भिंतीला लावत नव्हतो. कोरडं जिरं घट्ट डब्यात असेल तर लवंगेची गरज नाही.

आता लवंग. तुमच्या दहापैकी सहा उभ्या राहिल्या म्हणजे त्यांच्यात तेल भरपूर आहे. तेल काढून घेतलेली लवंग हलकी होते आणि आडवी पडून तरंगते. पण ही परीक्षा डोळे झाकून धरू नका. तुमच्या आडव्या पडलेल्या चारांपैकी तिघींचा मणी तुटलेला होता. मणी गळला की तोल बदलतो, त्यामुळे ती लवंग आडवी पडली तरी खराबच असेल असं नाही. अशा लवंगेच्या दांड्याला नख रुतवा. नखाखाली तेलकट ओल चमकली आणि बोटाला वास राहिला तर ती चालते. कोरडी, लाकडासारखी लागली तर तिचं तेल आधीच कुणीतरी विकलंय.

रंग लालसर तपकिरी हवा. फिकट, सुरकुतलेली, पांढरट झाक असलेली लवंग वाळवण्याआधी ओलीच ढिगात राहून आंबलेली असते. आणि नुसत्या काड्या किती आहेत ते बघा. काडीलाही वास असतो, पण कमी, आणि तुम्ही पैसे कळीचे देता.

आपल्याकडची बरीच लवंग बाहेरून येते. मादागास्कर, झांझिबार, श्रीलंका. कन्याकुमारीची लवंगही उत्तम असते, तिला भौगोलिक मानांकन मिळालंय. इतक्या देशांतून येते, त्यामुळे लवंगेला वेलचीसारखा महिना बघून थांबायची गरज नाही. 50 ग्रॅम लवंग घरात वर्षभर पुरते, 100 ग्रॅम कशाला भरायची?

बरणी धुरकट झाली ती लवंगेच्या तेलाने. ते कडक, पारदर्शक, स्वस्त प्लास्टिक असतं ना, त्याला हे तेल खातं. काही दिवसांनी तडाही जातो. लवंग काचेत किंवा स्टीलमध्येच.

अल_ऐनची_आशा

काका, मग बरणी केवढी असावी? मला नेहमी वाटतं मोठी बरणी आणि तळाला थोडासा माल, हेच चुकत असावं.

वाशीचा_दलाल

बरोबर पकडलंत. अर्धी रिकामी बरणी म्हणजे अर्धी बरणी हवा. माल कमी झाला की लहान बरणीत काढा. माझ्या घरी जिऱ्याचा फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा खालच्या कपाटात असतो, गॅसपासून लांब. तो पंधरा दिवसांतून एकदा उघडतो. मिसळणाच्या डब्यात फक्त पंधरा दिवसांचं जिरं काढायचं, कारण त्या डब्याच्या वाट्या उघड्याच असतात, हळद-मोहरीचा वास एकमेकांना लागतोच. ओला चमचा कुठल्याही डब्यात नाही. वेलची-लवंगेला ऊन दाखवायचं नाही. जिऱ्याला मेमध्ये सकाळचं तास-दोन तास ऊन चालतं, वर पातळ फडकं टाकून. भरण्याआधी पूर्ण गार होऊ द्या, गरम भरलं की झाकणाखाली पाणी धरतं.

कडेपठार

आणि जिरेपूड? आम्ही गिरणीतून पाव किलो दळून आणतो, तीन महिने जाते.

प्रयोगवही

तीन महिन्यांनी तिला जिऱ्यापेक्षा भुशाचा वास जास्त येतो असं माझं मत आहे. आठवड्याचीच करा. चार चमचे जिरं मंद आचेवर, सतत हलवत. एक छटा गडद झालं आणि वास बदलला की लगेच ताटात ओता, कढईत ठेवलं तर तिच्याच उष्णतेवर करपतं. गार झालं की बोटांत चुरडतं, मग खलबत्त्यातही दोन मिनिटांत होतं. गरम असताना मिक्सरला लावलं तर भांड्यात वाफ धरून गोळे होतात.

लवंगेचं सांगू? चार-पाच लवंगा मिक्सरच्या पात्याखाली येतच नाहीत, नुसत्या भांड्याला आपटत राहतात. खलबत्त्यात चिमूटभर जाड मीठ घालून कुटा. गोडात जायची असेल तर मिठाऐवजी साखर. आणि पूड चिमटीने मोजा, चमच्याने नाही.

मिरचीगल्ली

एक शंका राहिली. डंकावर कुटलेला मसाला चक्कीपेक्षा जास्त टिकतो असं आई म्हणते. चक्कीत गरम होतो म्हणून.

वाशीचा_दलाल

चक्कीतून पडणारं पीठ हाताला चटका देतं, डंकाचं तसं देत नाही, हे खरं. वास सुरुवातीला डंकाचाच चांगला असतो. पण डंकाची कूट जाडसर राहते, म्हणून टिकते की गरम न झाल्यामुळे टिकते, ते मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. दोन्ही कारणं असतील. दळून आणलंत तर घरी वर्तमानपत्रावर पसरून गार करा, मगच भरा, एवढं मात्र नक्की.

डंकावरची_माई

वर्तमानपत्रावर नको हो काका, शाई लागते. स्वच्छ सुती धोतरावर पसरा.

वाशीचा_दलाल

माई, बरोबर. सुती कापडावर.

चिपळूणची_सून

सगळ्यांची आभारी आहे. काय काय केलं ते सांगते.

जिरं चार भागांत कढईत कोरडं केलं. पहिला भाग जरा जास्त तापला, एक छटा गडद झाला, तो ताकासाठी वेगळा काढला. बाकी तीन भाग कट्कन तुटतायत. काल आमटीला फोडणी दिली तर आवाज बैठकीच्या खोलीपर्यंत गेला.

वेलची सगळी बसून निवडली. हलक्या, हाताला पोकळ लागणाऱ्या बाजूला काढल्या, त्या अख्ख्याच मसालेभाताला वापरेन. भरलेल्या स्टीलच्या डब्यात घालून कपाटात. लवंग काचेच्या बाटलीत गेली. धुरकट बरणीत आता कपड्यांचे चिमटे आहेत.

मग अनंतचतुर्दशीला पुन्हा सारण केलं, त्याच दोन नारळांचं. त्याच पिवळ्या वेलच्यांतल्या पंधरा सोलल्या, साखर घालून तीन झटके, आणि सारण गॅसवरून उतरवल्यावर शेवटी घातली. चमचाही भरला नसेल. सासूबाई आतल्या खोलीतून काठी टेकत आल्या आणि विचारलं, नवी वेलची आणलीस का?

जुनी पूड अजून डब्यात आहे, निम्मी. ती टाकायला हात धजत नाही. तिचं काही होईल का?

डंकावरची_माई

चहा.

अल_ऐनची_आशा

मी असली पूड कणकेच्या बिस्किटांत घालते, पण खरं सांगायचं तर वासासाठी परत ताजी घालावीच लागते.